रात्रीच्या बाटलीचा हिशेब

प्रिय मुला,

एनर्जी ड्रिंक रोज घेतलं तर चालतं का, असं तू परवा विचारलंस. पेशंट खोळंबले होते म्हणून तेव्हा घाईत काहीतरी सांगून तुला वाटेला लावलं. आता नीट लिहितो.

तुझा दिवस तूच सांगितलास. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत सकाळपासून बैठक, दिवसभरात चार-पाच कटिंग, संध्याकाळी पाचला एक बाटली, रात्री दहाला दुसरी. तीनला झोप, सातला गजर.

बाटली उलटी करून मागचं बारीक अक्षर वाच. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे अशा पेयात लिटरला जास्तीत जास्त 300 मिलिग्रॅम कॅफीन चालतं, म्हणजे 250 मिलीच्या बाटलीत 75 पर्यंत. दिवसाला 500 मिलीपेक्षा जास्त घेऊ नका, अशी सूचनाही त्यावर असते. तुझ्या दोन बाटल्या या मर्यादेत बसतात. चहाच्या एका कटिंगचे साधारण पंचवीस-तीस धरले, तरी दिवसाची बेरीज तीनशेच्या आत-बाहेरच राहते. धडधाकट प्रौढ माणसाला दिवसाला 400 पर्यंत सहसा त्रास होत नाही. तेव्हा प्रमाणावरून तुला घाबरवत नाही. तुझं बिघडतंय ते वेळेमुळे.

जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचा पदार्थ साचत जातो आणि त्यामुळे झोप येते. कॅफीन त्याची जागा अडवून बसतं. थकवा जात नाही, तो कळेनासा होतो एवढंच. आणि पोटात गेलेलं कॅफीन निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात. कुणाला तीन, कुणाला सात. आता तुझी रात्र मांडू. पाचच्या बाटलीतले 75, दहा वाजता उरले 37. त्यात दुसऱ्या बाटलीचे 75 पडले, झाले 112. तू तीनला अंथरुणावर पडतोस तेव्हा त्यातले 56 अंगात असतात. म्हणजे दोन कटिंग पिऊन लगेच डोळे मिटल्यासारखंच. थकलेला असतोस म्हणून झोप लागते, पण गाढ झोपेचा वाटा कमी होतो. दिवसभर वाचलेलं पक्कं बसायला हीच झोप लागते. सकाळी डोकं जड, म्हणून पुन्हा चहा, दुपारी पेंग, म्हणून पाचला पुन्हा बाटली. तू याला अभ्यासाचा ताण म्हणतोस. मला तो बऱ्याच अंशी आदल्या रात्रीच्या बाटलीचा परिणाम दिसतो.

साखरेचंही बघ. प्रत्येक कंपनीचं प्रमाण वेगळं असतं, म्हणून लेबलवरचा ‘100 मिलीमागे’ हा आकडा अडीचने गुण. 11 ग्रॅम लिहिलं असेल तर एका बाटलीत साडेसत्तावीस ग्रॅम, दोन्हींत मिळून 55. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेल्या साखरेची दिवसाची मर्यादा साधारण 50 सांगते, आणि 25 च्या आत राहिलं तर उत्तम म्हणते. चहातली साखर वेगळीच. बिनसाखरेची बाटली घेतलीस तर हा प्रश्न सुटेल, पण झोपेचा तसाच राहील.

मग करायचं काय? आधी दहाची बाटली सोड, तीच सर्वांत महाग पडते आहे. सगळं एकदम बंद करू नकोस. काही दिवस डोकं ठणकतं, चिडचिड होते आणि माणूस पुन्हा टपरीवर जातो. आठवडाभराने पाचच्या बाटलीऐवजी तीनच्या आत एक चहा घे आणि त्यानंतर कॅफीन नको. दुपारी पेंग आली तर गजर लावून वीस मिनिटं टेबलावर डोकं टेक. रात्री दहाला मरगळ येते ती पुष्कळदा भुकेची असते, कारण मेसचा डबा तू आठलाच उरकतोस. तेव्हा मूठभर फुटाणे-शेंगदाणे, ताक आणि सारसबागेपर्यंत एक चक्कर. बारा-साडेबाराला आडवा हो. हे बदल परीक्षेच्या आठवड्यात सुरू करू नकोस, आत्ताच कर.

तुझा रूममेट हिंजवडीला नाइट शिफ्ट करतो, त्याला वेगळं सांग. त्याने कॉफी शिफ्टच्या सुरुवातीला घ्यावी आणि झोपायच्या आधीचे सहा-सात तास काही घेऊ नये. डोळे मिटत असतील तर सकाळी गाडी न चालवता कंपनीच्या बसने यावं. आणि दारूत हे पेय मिसळायचं खूळ तुमच्या खोलीत असेल तर ते आजच थांबवा. किती चढली हे कळत नाही आणि माणूस जास्त पितो.

छातीत धडधड थांबेना, दुखलं, चक्कर येऊन पडलास, तर सकाळची वाट बघू नकोस; ताबडतोब दवाखान्यात जा आणि काय, किती, केव्हा प्यायलास ते सांग. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल किंवा कुणाला हृदयाच्या ठोक्यांचा आजार असेल, तर आईला विचारून मला कळव. तसं असेल तर आधी ईसीजी काढू, आणि तोवर एकही बाटली नको.

तुझा,
डॉक्टरकाका