पोह्यांऐवजी उसळ-अंडी खाल्ली तर पचनात किती कॅलरी जास्त जळतात?

प्रश्न: जिममध्ये सांगितलं की प्रोटीनच्या ३० टक्के कॅलरी पचवतानाच जळून जातात आणि फायबरच्या तर त्याहून जास्त. मी सकाळी पोहे सोडून उसळ-अंडी खायला लागलो तर रोज नक्की किती कॅलरी जास्त जळतील?

उत्तर:

त्या एका नाश्त्यापुरतं बोलायचं तर साधारण १३ कॅलरी. दिवसभराचंच जेवण प्रोटीनकडे वळवलंत तर तीसच्या आसपास. तुम्हाला सांगितलेलं प्रोटीनचं म्हणणं बरोबर आहे, फक्त ३० टक्के ही त्याची वरची मर्यादा आहे. फायबरचं म्हणणं मात्र चुकीच्या खात्यात मांडलेलं आहे.

मी आहारतज्ज्ञ आहे. एमएस्सीला असताना हे मोजमाप मी स्वतःवर करून घेतलं होतं. आदल्या रात्री लवकर जेवायचं, मग पाण्याशिवाय काही नाही. सकाळी पलंगावर उताणं झोपवतात आणि डोक्यावर पारदर्शक हूड ठेवतात. त्यातली हवा एका नळीने सतत खेचली जाते, आणि तुम्ही किती ऑक्सिजन वापरला, किती कार्बन डायऑक्साइड सोडला हे यंत्र नोंदवत राहतं. त्यावरून दर मिनिटाला शरीर किती ऊर्जा खर्च करतंय ते काढतात. आधी उपाशीपोटीचा आकडा घेतात, मग मोजून दिलेलं जेवण, आणि पुन्हा हुडाखाली. आलेख हळूहळू चढतो, तास-दोन तासांत शिखरावर पोचतो आणि मग पाच-सहा तास रेंगाळत उतरतो. उपाशी असतानाच्या रेषेच्या वर जेवढा भाग उरतो, तो त्या जेवणाचा थर्मिक इफेक्ट.

त्या दिवसाची एक गोष्ट अजून डोळ्यांसमोर आहे. मला पाय हलवायची सवय. नुसता पाऊल हलवत राहिले तरी आलेखावर लगेच उंचवटा दिसायचा आणि यंत्र सांभाळणाऱ्या ताई बाहेरून म्हणायच्या, "पाय, पाय!" आपण मोजतोय ती गोष्ट किती नाजूक आहे हे मला तेव्हा कळलं. मनगटावरच्या घड्याळाला यातलं काहीच दिसत नाही.

आता प्रोटीन. अशा मोजमापांतून आलेले ढोबळ आकडे असे आहेत: तेल-तुपाच्या कॅलरींपैकी शून्य ते ३ टक्के, भात-पोळी-साखरेच्या ५ ते १० टक्के आणि प्रोटीनच्या २० ते ३० टक्के कॅलरी अशा खर्च होतात. नेहमीच्या मिश्र जेवणाचा हिशोब १० टक्क्यांच्या आसपास बसतो.

पण हा खर्च चावण्यात किंवा पोटाच्या घुसळण्यात होतो असं बहुतेकांना वाटतं, आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. आतड्याचं काम असतंच, पण मोठा खर्च त्याच्या पुढचा, अन्न रक्तात उतरल्यावरचा आहे. याचा सुंदर पुरावा शस्त्रक्रियेच्या टेबलावर मिळतो. भूल दिलेल्या माणसाचं शरीर थंड पडत जातं. १९९०च्या दशकात स्वीडनमधल्या भूलतज्ज्ञांनी अशा रुग्णांना शिरेतून अमिनो आम्लं दिली. ती दिलेल्या रुग्णांचं तापमान न दिलेल्यांपेक्षा कमी घसरलं. अमिनो आम्लं म्हणजे प्रोटीनचे सुटे मणी. इथे तोंड, जठर, आतडं यांचा काही संबंधच आला नाही, तरी उष्णता तयार झाली.

ती येते कुठून? पेशी आपले सगळे व्यवहार एटीपी नावाच्या रेणूने चुकते करतात. साखर आली आणि ती ग्लायकोजेन म्हणून साठवायची असेल, तर ग्लुकोजच्या एका रेणूमागे साधारण २ एटीपी लागतात. तेल-तूप तर जवळजवळ आहे तसंच चरबीच्या पेशीत जाऊन बसतं, म्हणून त्याचा खर्च नगण्य. प्रोटीनचं तसं नाही. जास्तीचं प्रोटीन ठेवायला शरीरात कोठारच नाही, त्यामुळे आलेल्या अमिनो आम्लांची तिथल्या तिथे सोय लावावी लागते. एक वाट म्हणजे त्यांची पुन्हा माळ ओवून नवं प्रोटीन करायचं. त्यात प्रत्येक मणी जोडताना ४ एटीपींएवढी ऊर्जा जाते. दुसरी वाट म्हणजे ती जाळायची. पण जाळण्याआधी त्यांतला नायट्रोजन काढावा लागतो, तो अमोनियाच्या रूपात निघतो आणि अमोनिया विषारी. मग यकृत त्याचा युरिया करतं, एका रेणूमागे पुन्हा ४ एटीपी खर्चून, आणि मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात. उरलेल्या सांगाड्यापासून ग्लुकोज करायचं ठरलं तर त्याचा खर्च वेगळा. कुठल्याही वाटेने गेलात तरी टोल भरावाच लागतो, आणि प्रोटीनच्या वाटेवरचे टोलनाके जास्त आहेत. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रोटीन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं, त्याचं एक कारण हा युरियाही आहे.)

आता तुमचा नाश्ता मांडू. ७० ग्रॅम कोरडे पोहे, अडीच चहाचे चमचे तेल आणि थोडे शेंगदाणे, एवढ्याच्या सुमारे ४०० कॅलरी होतात. त्यांत प्रोटीन ७ ग्रॅम, म्हणजे २८ कॅलरी. तेल-दाण्यांच्या साधारण १५० आणि बाकीच्या २२० पिष्टाच्या. प्रोटीनला २५ टक्के, पिष्टाला ७ टक्के आणि चरबीला २ टक्के धरले तर ७, १५ आणि ३, म्हणजे एकूण २५ कॅलरी.

दुसऱ्या ताटात दोन अंडी, ३५ ग्रॅम कोरड्या मटकीची मोड आणून केलेली उसळ, एक लहान पोळी आणि जेमतेम चमचाभर तेल. याही सुमारे ४०० कॅलरी, पण प्रोटीन आता २३ ग्रॅम, म्हणजे ९२ कॅलरी. चरबीच्या १३५ आणि पिष्टाच्या १७३. त्याच टक्क्यांनी २३, १२ आणि ३, म्हणजे ३८. फरक १३ कॅलरींचा. हे टक्के माणसागणिक थोडे हलतात, त्यामुळे १३चे १० होतील किंवा १८ होतील, पण १०० होणार नाहीत.

दिवसभराचा हिशोबही असाच. ४५ ग्रॅमवरून ९० ग्रॅम प्रोटीनवर गेलात आणि तेवढ्याच कॅलरींचा भात-पोळी-साखर कमी केलीत, तर १८० कॅलरी ७ टक्क्यांच्या खात्यातून २५ टक्क्यांच्या खात्यात गेल्या. वाढीव खर्च ३२ कॅलरी. फोडणीत एक चहाचा चमचा तेल जास्त पडलं तर त्याच्या ४५ होतात. उसळ-अंड्यांनी वजन उतरतं ते प्रामुख्याने पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि वजन उतरताना स्नायू कमी झिजतात म्हणून. ११ वाजता बिस्किटाचा पुडा उघडला नाही, तर त्या एका गोष्टीने आठवडाभराच्या या वाढीव खर्चाएवढ्या कॅलरी वाचतात.

फायबरच्या बाबतीत २०१० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग फार फिरवला जातो. एका सँडविचमध्ये अनेक धान्यांचा ब्रेड आणि खरं चेडार चीज, दुसऱ्यात पांढरा ब्रेड आणि प्रक्रिया केलेलं चीज, कॅलरी सारख्याच. पहिल्याने सरासरी १३७ कॅलरी खर्च झाल्या, दुसऱ्याने ७३. फरक मोठा दिसतो. पण प्रयोग अवघ्या १७ जणांवर झाला होता आणि पहिल्या सँडविचमध्ये प्रोटीनही जास्त होतं, त्यामुळे श्रेय एकट्या फायबरला देता येत नाही. उलट फायबरमुळे पोट सावकाश रिकामं होतं, त्यामुळे खर्च लांबत जातो. अशा वेळी तीन तासांत मोजमाप थांबवलं तर थर्मिक इफेक्ट कमीच दिसतो.

फायबरचा खरा फायदा दुसरीकडे आहे. कॅलरी जळत नाहीत, त्या अंगी लागतच नाहीत. फायबर आपल्याला पचत नाही, मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून ग्रॅममागे साधारण २ कॅलरी आपल्या हाती लागतात, पिष्टाच्या ४च्या जागी. शिवाय वनस्पतीच्या पेशींच्या भिंती फायबरच्याच असतात. त्या शाबूत राहिल्या तर आतलं तेल आणि पिष्ट आतच अडकून शौचावाटे निघून जातं. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी २०१२ साली हे बदामावर तपासलं. लोकांना मोजून बदाम खायला दिले, त्यांचं मल-मूत्र गोळा केलं आणि त्यात किती ऊर्जा उरली ते मोजलं. २८ ग्रॅम बदामांच्या नेहमीच्या हिशोबाने १७० च्या आसपास कॅलरी होतात, शरीराला मिळाल्या १२९. नंतर त्याच पद्धतीने बदामाचं बटर तपासलं तेव्हा हा फरक जवळजवळ उरला नाही, कारण दळण्यात भिंती फुटलेल्या होत्या. शेंगदाण्याचंही असंच आहे. अख्खे दाणे खाल्ले की शौचातून जास्त चरबी बाहेर जाते, पीनट बटर खाल्लं की कमी. आपल्या दाण्याच्या कुटाची जागा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी येईल असं मी धरते.

म्हणून मटकी अख्खीच खा, तिचं पीठ करून धिरडं घालू नका, निदान वजनासाठी खात असाल तर.

एक चूक मात्र माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या सात जणांच्या घरी होते. "प्रोटीनसाठी रोज वाटीभर आमटी घेतो," असं सांगतात. मी त्यांना शिजवण्याआधीची डाळ तोलायला लावते आणि घरात किती जण जेवतात ते विचारते. पातळ आमटीच्या एका वाटीत बहुतेक वेळा २० ग्रॅमच तूरडाळ निघते, म्हणजे प्रोटीन साडेचार ग्रॅम. दाट उसळीच्या वाटीत ३५-४० ग्रॅम कडधान्य सहज मावतं. तुम्हीही आठवडाभर मटकी भिजत घालण्याआधी तोलून बघा. माझा हिशोब ३५ ग्रॅमचा आहे. तुमच्या वाट्याला १५ येत असतील तर त्या १३ कॅलरींतल्या तीनेक तिथेच गेल्या, आणि प्रोटीन साडेचार ग्रॅमने कमी पडलं, जे जास्त महत्त्वाचं आहे.