‘Too many attempts’ म्हणजे खातं लॉक झालं का?

प्रश्न: पासवर्ड चार-पाच वेळा चुकला. आता फक्त “Too many attempts, try again later” येतंय. किती वेळ थांबायचं ते कुठेच लिहिलेलं नाही. माझं खातं लॉक झालं का, की आपोआप उघडेल?

बहुतेक वेळा ते आपोआप उघडतं. मी वेबसाइटचे लॉगिन लिहिण्याचंच काम करते, त्यामुळे या ओळीच्या मागे काय चाललेलं असतं ते सांगते. त्यावरून तुमच्या बाबतीत नक्की काय झालंय ते तुम्हालाच ओळखता येईल.

सर्व्हरवर एक मोजणी चालू असते: अमुक ईमेल, अमुक आयपी पत्ता, इतक्या चुका. ही मोजणी तात्पुरत्या साठ्यात असते आणि तिला मुदत असते. मुदत संपली की नोंद पुसली जाते, तुमच्या खात्याला कोणी हातही लावलेला नसतो. लॅराव्हेल नावाची, साइट बनवायची एक तयार चौकट खूप साइट्ससाठी वापरतात. तिच्या नेहमीच्या लॉगिनमध्ये ५ चुकांनंतर जेमतेम १ मिनिट थांबावं लागतं, आणि तपासणी साधारण अशी असते:

```php
if (RateLimiter::tooManyAttempts($key, 5)) {
    $seconds = RateLimiter::availableIn($key);
    // इथूनच परत पाठवायचं
}
```

ही तपासणी पासवर्ड बघायच्या आधी होते. म्हणून त्या मिनिटभरात तुम्ही अगदी बरोबर पासवर्ड टाकलात तरी तोच संदेश येतो. लोक इथेच फसतात. “बरोबर पासवर्डही घेत नाही म्हणजे खातंच गेलं” असं वाटतं आणि घाईघाईत पासवर्ड बदलला जातो. तसं करू नका. पासवर्ड बदलला तरी मोजणी जिथल्या तिथे राहू शकते, आणि मग कोणता पासवर्ड चालू आहे याचाही गोंधळ होतो.

वरच्या कोडमध्ये `$seconds` आहे, म्हणजे किती सेकंद उरलेत ते सर्व्हरला ठाऊक असतं. तुमच्या पडद्यावर ते लिहायचं की नाही हा साइट बनवणाऱ्याचा निर्णय. न लिहिण्याचं कारण सुरक्षेचं सांगतात: पासवर्ड ओळखू पाहणाऱ्याला आपले नियम कळू नयेत. मला ते पटत नाही. तसा माणूस घड्याळ लावून दोन-तीन फेऱ्यांत मुदत शोधून काढतो, अंधारात राहतो तो खरा खातेदार. म्हणून मी लिहिलेल्या लॉगिनमध्ये मिनिटं दाखवतेच.

पडद्यावर नसलं तरी तो आकडा कधीकधी सर्व्हरच्या उत्तराच्या पाकिटावर लिहिलेला सापडतो. कॉम्प्युटरवर क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये F12 दाबा, `Network` उघडा आणि एकदाच लॉगिन करून बघा. लाल झालेल्या ओळीवर क्लिक केलं की असं काही दिसू शकतं:

```
HTTP/1.1 429 Too Many Requests
Retry-After: 540
```

429 हा आकडा याच कामासाठी २०१२ साली ठरवला गेला: “फार वेळा विचारलंत, जरा थांबा.” `Retry-After` मध्ये सहसा सेकंद असतात, म्हणजे इथे ९ मिनिटं. हे दिसलं तर तुमचं खातं लॉक नाही, निर्धास्त राहा. मात्र सगळ्या साइट्स हे पाठवत नाहीत, त्यामुळे ते दिसलं नाही म्हणून काहीच सिद्ध होत नाही.

दुसरी खूण नेटवर्कची. वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर या आणि पासवर्ड खात्रीचा असेल तरच एकदा टाका. आत गेलात, किंवा नुसतं “पासवर्ड चुकीचा” असं आलं, तर अडवणूक तुमच्या घरच्या किंवा ऑफिसच्या आयपी पत्त्यावर होती. तिथेही तोच संदेश आला, तर मोजणी खात्याच्या नावावर आहे. ऑफिसात किंवा हॉस्टेलमध्ये सगळे एकाच पत्त्यावरून बाहेर पडतात, त्यामुळे दुसऱ्या कोणाच्या चुकांमुळेही तुमच्या पहिल्याच प्रयत्नाला ही ओळ येऊ शकते.

आता थांबूनही उघडत नाही तेव्हा काय होतं, ते माझ्या आत्याच्या बाबतीत पाहिलं. ती शिक्षिका आहे. संस्थेच्या मेलचा पासवर्ड तिने शाळेतल्या कॉम्प्युटरवर बदलला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून हीच ओळ. “अगं, तासभर हात नाही लावला, तरी तेच,” ती म्हणाली. मी विचारलं, “आत्या, फोनवरही मेल लावलंयस का?” लावलं होतं. फोनमधल्या मेल ॲपमध्ये जुनाच पासवर्ड होता आणि ते दर १५ मिनिटांनी गुपचूप आत जायचा प्रयत्न करत होतं. त्या यंत्रणेत शेवटच्या चुकीपासून अर्धा तास मोजला जायचा. तो अर्धा तास कधी पुरा होतच नव्हता. ॲपमधून ते खातं काढून टाकलं, चाळीस मिनिटं सगळं शांत ठेवलं आणि नवीन पासवर्ड पहिल्याच फटक्यात चालला. म्हणून थांबताना फोन, टॅबलेट, ब्राउझरने जपून ठेवलेला जुना पासवर्ड, सगळं आठवून बंद करा.

खरं लॉक वेगळं. तिथे खात्याच्या नोंदीतच “बंद” असं लिहिलं जातं आणि त्याला मुदत नसते. तुम्ही ते सिमकार्डमुळे पाहिलेलं असेल. पिन तीनदा चुकला की सिम पीयूके मागतं. मग महिनाभर फोन कपाटात ठेवलात तरी पीयूकेच मागणार, आणि तोही दहा वेळा चुकला की सिम कायमचं जातं. ऑफिसच्या विंडोज खात्यांत तर दोन्ही प्रकार एकाच सेटिंगमध्ये असतात: `Account lockout duration` मध्ये ३० लिहिलं तर अर्ध्या तासाने खातं आपोआप उघडतं, ० लिहिलं तर ॲडमिन उघडेपर्यंत बंद. साइट्सवरच्या खऱ्या लॉकचा संदेश सहसा काहीतरी करायला सांगतो: मेलमधल्या लिंकवर जा, ओळख पटवा, मदत केंद्राला कळवा. “नंतर प्रयत्न करा” म्हणणाऱ्या संदेशात तुम्ही करण्यासारखं काही नसतं, फक्त वेळ जायचा असतो.

तुमच्या जागी मी असते तर आता पूर्ण एक तास कुठूनही हात लावला नसता. काही ठिकाणी मुदत प्रत्येक चुकीनंतर वाढते. एनआयएसटी या अमेरिकेच्या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शिकेतही ३० सेकंदांपासून एक तासापर्यंत वाढत जाणाऱ्या थांब्याचं उदाहरण आहे. तासानंतर पासवर्ड वहीतून बघून एकदाच टाका. “पासवर्ड चुकीचा” आलं तर वाईट वाटून घेऊ नका, थांबा संपलाय असाच त्याचा अर्थ. तेव्हा मात्र अंदाज न करता “पासवर्ड विसरलात?” वर जा. तासानंतरही तीच ओळ आली तर २४ तास जाऊ द्या. त्यानंतरही तीच असेल तर मदत केंद्राला लिहा, पहिल्या आणि शेवटच्या प्रयत्नाची वेळ मिनिटासकट द्या आणि थेट विचारा: “हे खात्यावरचं लॉक आहे की प्रयत्नांची मर्यादा?” असं विचारलं की समोरच्याला तुमच्या खात्याची नोंद उघडून बघावीच लागते.