बीकेसीचे १६ की घरून १३: आधी लेटरमधलं ‘कामाचं ठिकाण’ वाचा

> ‘बदलापूरला राहतो. दोन ऑफर हातात आहेत. एक बीकेसीत, सीटीसी १६ लाख (त्यात १० टक्के व्हेरिएबल), पाचही दिवस ऑफिस. दुसरी पुण्यातल्या कंपनीची, १३ लाख, सगळा फिक्स्ड, पूर्ण घरून काम. तीन लाख सोडवत नाहीत. काय करू? शुक्रवारपर्यंत कळवायचंय.’

मी डोंबिवलीचा, आणि काही वर्षांपूर्वी जवळपास अशाच दोन ऑफर घेऊन बसलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी सीए नाही. खालचा हिशोब नव्या कररचनेचा आहे, २०२५-२६ पासूनचे स्लॅब धरून. बेसिक सीटीसीच्या निम्मा आणि पीएफ १५,००० च्या मर्यादेवर कापला जातो असं गृहीत धरलंय. तुमचं ब्रेकअप वेगळं असेल तर आकडे हलतील. जुन्या रचनेत राहणार असाल तर हा हिशोब सोडून द्या.

आधी ते तीन लाख बघू. १६ मधून व्हेरिएबलचे १.६ लाख काढा, कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटी काढा. स्लिपवर दिसणारा ग्रॉस साधारण १३.८ लाख उरतो. ७५ हजारांची प्रमाणित वजावट घेऊन करपात्र १३.०५ लाख, त्यावर सेससकट कर ७९ हजारांच्या आसपास. पीएफ आणि व्यवसाय कर कापून महिन्याला हातात सुमारे १,०६,४०० येतील.

आता १३ लाखांची ऑफर. पीएफ-ग्रॅच्युइटी काढून ग्रॉस १२.४७ लाख, वजावटीनंतर ११.७२. बारा लाखांच्या आत असल्यामुळे कर शून्य. हातात सुमारे १,०१,९००. म्हणजे दरमहाचा फरक साडेचार हजार! बाकी सगळं व्हेरिएबलवर टांगलेलं. ते शंभर टक्के मिळालं तर कर जाऊन आणखी १.३५ लाख, वर्षाच्या शेवटी. बीकेसीवाल्यांना सरळ विचारा की गेल्या वर्षी तुमच्या ग्रेडला किती टक्के दिलं, आणि मधेच जॉइन झालेल्याला पहिल्या वर्षी मिळतं का. ‘परफॉर्मन्सवर अवलंबून आहे’ एवढंच उत्तर आलं तर मी स्वतः ते निम्मंच धरतो.

एक गोष्ट मात्र १३ च्या विरोधात जाते. तुम्ही बरोब्बर कराच्या उंबऱ्यावर आहात. पुढच्या वर्षी ग्रॉस एक लाखाने वाढला तर त्यातले पाऊण लाखाच्या आसपास करातच जातील, कारण बारा लाख ओलांडले की सवलत जाते. तेव्हा पहिल्या इन्क्रिमेंटवर फार डोळे लावून बसू नका.

प्रवासाचं तुम्हाला मी काय सांगणार. सकाळी बदलापूरहून सुटणारी लोकल मिळाली तर बसायला मिळतं. संध्याकाळी कुर्ल्याला कर्जत फास्टमध्ये चौथी सीटसुद्धा विसरा, दारातून आत जायला मिळालं तरी पुष्कळ. लोक हिशोब करताना फक्त गाडीचा वेळ धरतात. खरा वेळ आणि पैसा खातो तो कुर्ला पश्चिमेपासूनचा तुकडा. शेअर रिक्षाची रांग, पावसात गायब झालेल्या रिक्षा, अडकलेली बस. घरापासून खुर्चीपर्यंत दोन तास धरा, येऊन-जाऊन चार. महिन्याला ८८ तास झाले. साडेचार हजारांना भागलं तर तासाला ५१ रुपये, तेही पास आणि रिक्षा वजा न करता. पूर्ण व्हेरिएबल मिळालं तर तासाला १८० च्या घरात.

इथवर वाचून तुम्ही १३ ला हो म्हणायला निघाला असाल. थांबा जरा, माझं खरं म्हणणं पुढेच आहे.

मीही घरून कामाची ऑफर घेतली होती. कंपनी बाहेरगावची. एचआरने फोनवर ठासून सांगितलं, ‘कायमचं रिमोट आहे सर, तुमचं पूर्ण डिपार्टमेंटच रिमोट आहे.’ पगार बाजारापेक्षा कमी, कारण काय तर तुमचा प्रवासाचा आणि भाड्याचा खर्च वाचतोय ना. लेटरमध्ये कामाचं ठिकाण म्हणून हेड ऑफिसचा पत्ता होता. त्याबद्दल विचारलं तर, ‘ते सिस्टिममध्ये कुठलं तरी लोकेशन टाकावंच लागतं, फॉर्मॅलिटी आहे.’ पुढे वरचा साहेब बदलला आणि मेल आला: पुढच्या महिन्यापासून आठवड्यातून तीन दिवस ऑफिसात हजेरी.

एचआरकडे गेलो. फोनवर शब्द देणारी बाई कंपनी सोडून गेलेली. नवीन माणूस म्हणाला, रिमोट ही पॉलिसी आहे, पॉलिसी बदलते, तुमच्या लेटरमध्ये असेल तर दाखवा. मी तिकीट टाकलं, दुसऱ्या दिवशी ‘रिझॉल्व्ह्ड’ म्हणून बंद. पुन्हा टाकलं, पुन्हा बंद, खाली तीच पॉलिसीची लिंक. माझं साधं म्हणणं होतं, घरून काम म्हणून जो पगार कमी ठरवला तो आता वाढवा. त्याला उत्तर मिळालं, ‘कॉम्पेन्सेशन रिव्ह्यू एप्रिलमध्ये होतो.’ एप्रिल आला आणि सगळ्यांना मिळाली तीच सरसकट वाढ हातावर ठेवली. नोटीस पिरियड ९० दिवसांचा, त्यामुळे लगेच दुसरीकडे उडी मारता येईना. तीन दिवस परगावी, पीजीचं भाडं खिशातून, आणि पगार घरून काम करणाऱ्याचा. अजूनही त्या ‘रिझॉल्व्ह्ड’ शब्दाने डोकं फिरतं.

म्हणून शुक्रवारच्या आत पुण्याच्या कंपनीला मेल टाका. फोन नको, मेलच. तीन गोष्टी मागा. लेटरमध्ये कामाचं ठिकाण ‘कर्मचाऱ्याचं घर, बदलापूर’ असं लिहून द्या. ऑफिसात बोलावलंत तर किमान ९० दिवस आधी लेखी कळवा. आणि तसं झालं तर पगार नव्याने ठरेल, किंवा नोटीस पिरियड ३० दिवसांचा होईल. तिसरी बहुतेक नाकारतील, पण मागून बघा. पहिली मात्र सोडू नका. त्याच लेटरमध्ये खाली ‘कंपनीच्या गरजेनुसार कोणत्याही ठिकाणी बदली’ असं वाक्य असतंच, ते पूर्ण काढणार नाहीत. निदान त्याला आधीच्या सूचनेची अट जोडून घ्या. मी वकील नाही, अशा वाक्यांनी कंपनी पूर्ण बांधली जाते असं म्हणत नाही. पण पुढे भांडायची वेळ आली तर दाखवायला कागद तरी असतो.

उत्तर टाळाटाळीचं आलं, ‘ऑफर लेटरचा फॉरमॅट फिक्स आहे’ वगैरे, तर माझ्या मते ही १३ लाखांची रिमोट ऑफर नाहीच. ती पुण्यातली १३ लाखांची नोकरी आहे, सध्या घरून चाललेली. तशी घ्यायची तर बीकेसी बरी, निदान रोज रात्री घरी तरी याल. बीकेसीवाल्यांकडे दोन दिवस घरून मागून बघा. लेटर हातात पडायच्या आधी देतात कधी कधी, नंतर नाही.

आणि पुण्याची घेतलीत तर राउटरला छोटा डीसी यूपीएस लावा, इन्व्हर्टर नसेल तरी चालेल. लॅपटॉप बॅटरीवर तगतो, मीटिंग पडते ती राउटर बंद पडल्यामुळे. इंटरनेटचं बिल देतात का तेही त्याच मेलमध्ये विचारून घ्या.