ब्रांच हातातून का निसटला, आणि पंपाचा दाब कमी का करू नये

प्रश्न: आमच्या १४ मजली सोसायटीत आठ जणांचा स्वयंसेवक गट आहे. परवा सरावात पार्किंगजवळच्या हायड्रंटला ६३ मिमीचा होज जोडून पाणी सोडलं. गेजवर ७ किलो होते. आधी नीट धरता आलं, पण दहा-बारा सेकंदांनी जोर एवढा वाढला की होजच्या टोकाचा ब्रांच दोघांच्या हातातून निसटला. कुणाला लागलं नाही. पंपाचा दाब कमी करून घ्यावा का?

उत्तर: नको. पंपाला हात लावू नका. तुमची इमारत अंदाजे ४५ मीटर उंच असेल. पाणी १० मीटर वर चढवायला साधारण १ किलो दाब खर्च होतो. सगळ्यात वरच्या हायड्रंटला ३.५ किलो मिळायला हवेत, म्हणजे उंचीचे साडेचार धरून तळाशी किमान ८ लागतात, पाइपातलं घर्षण वेगळंच. पार्किंगमध्ये तुम्हाला जड जातो तोच दाब चौदाव्या मजल्यावरच्या माणसाचा आधार आहे. तो पंपावर कमी केलात तर वर धार पडेल, पण पोचणार नाही.

आता ब्रांच निसटला का ते बघू. नोझलचा मागे रेटणारा जोर काढायला एक सोपा हिशोब पुरतो:

```
जोर (किलो) = २ × भोकाचं क्षेत्रफळ (चौ. सेमी) × नोझलवरचा दाब (किलो प्रति चौ. सेमी)
```

२० मिमीच्या भोकाचं क्षेत्रफळ ३.१४ चौ. सेमी. नोझलवर ३.५ किलो दाब असेल तर जोर २२ किलो, आणि ७ असेल तर ४४ किलो. यातला २ कुठून आला असं नवीन मुलं नेहमी विचारतात. भोक बंद असताना झाकणावर फक्त क्षेत्रफळ गुणिले दाब एवढाच जोर येतो. उघडल्यावर मात्र होजमध्ये संथ चाललेलं पाणी एकदम वेग घेतं, आणि त्या वेगाची किंमत धरणाऱ्याला मोजावी लागते. ३.५ किलोला २० मिमीच्या नोझलमधून मिनिटाला सुमारे ५०० लिटर, म्हणजे सेकंदाला ८ किलोच्या वर पाणी, २६ मीटर वेगाने बाहेर पडतं. या दोन आकड्यांचा गुणाकार करून ९.८ ने भागलात तरी साधारण तेच २२ किलो येतात.

एकट्या माणसाला २५ किलोच्या आसपास जोर थोडा वेळ नीट धरता येतो. त्यापुढे तो धरतो खरा, पण धार हवी तिकडे वळवू शकत नाही. ४४ किलो हे दोघांचं काम, तेही दोघं तयारीत असतील तर.

तुम्ही तयारीत नव्हता, आणि त्याचं कारण तुमच्याच प्रश्नात आहे: दहा-बारा सेकंद. लाइन शांत असताना गेजवरचे ७ किलो जॉकी पंपाने धरून ठेवलेले असतात. हा छोटा पंप असतो, बहुतेक ठिकाणी मिनिटाला १८० लिटरचा. तुमच्या नोझलला हवेत पाचशे ते सातशे लिटर. पाणी सोडलंत, दाब पडला, धार मऊ वाटली आणि दोघांनी अंग सैल सोडलं. दाब पडल्याची खूण मिळताच प्रेशर स्विचने मेन पंप सुरू केला. मेन पंप मिनिटाला २२८० लिटरसारख्या क्षमतेचा असतो. एका होजचा भार त्याला काहीच नाही, त्यामुळे तो ठरलेल्या दाबाच्याही वर धावतो. मिनिटाला सातशे लिटरलाही ६३ मिमीच्या ३० मीटर होजमध्ये घर्षणाने जेमतेम अर्धा किलो जातो, म्हणजे जवळजवळ सगळा दाब नोझलवर येतो. हातातला जोर काही सेकंदांत दुप्पट झाला.

आमच्या कारखान्याच्या पथकात मी हेच पाहिलंय. ब्रांच सुटला आणि धरणारा तो पकडायला धावला. होजने जमिनीवर फटकारा मारला आणि पितळी कपलिंग त्याच्या नडगीवर आलं. त्या दिवशी हायड्रंटच्या चाकापाशी कुणीच उभं नव्हतं. साध्या ब्रांचला बंद करायची कळ नसते, त्यामुळे पाणी थांबवायची जागा एकच, हायड्रंटचा व्हॉल्व्ह. ब्रांच सुटला तर त्याच्या मागे जायचं नाही, दूर व्हायचं आणि "पाणी बंद!" ओरडायचं. व्हॉल्व्हवाल्याने तेवढ्यासाठीच उभं राहायचं असतं.

पुढच्या सरावाला आधी नोझलचं भोक पट्टीने मोजा. २० मिमी असेल तर १२ मिमीचं नोझल मागवा. त्याचं क्षेत्रफळ १.१३ चौ. सेमी, म्हणजे ७ किलोलाही जोर १६ किलो आणि पाणी मिनिटाला २५० लिटर. खालच्या मजल्यांसाठी आणि सरावासाठी एवढं भरपूर आहे. २० मिमीचं वरच्या मजल्यांना ठेवा, तिथे दाब मुळातच कमी असतो.

होज अंथरताना ब्रांचच्या मागचा तुकडा शक्य तितका लांब आणि सरळ ठेवा, जमिनीला टेकलेला. पाण्याने भरलेल्या ६३ मिमी होजमध्ये दर मीटरला तीन लिटरच्या वर पाणी असतं, १५ मीटरच्या एका नगात ४७ किलो. हे वजन आणि जमिनीचं घर्षण तुमच्या बाजूने काम करतं. मागे वाक असेल तर रेटा त्या वाकालाच फुगवतो, होज सापासारखा सरकतो आणि सगळा जोर मनगटावर येतो. मी ब्रांचवाल्याला नेहमी मागे बघून वाक दिसत नाही ना हे पाहायला लावतो, मगच हात वर करायला सांगतो. दुसरा माणूस त्याच्या मागे एका हातावर, त्याच बाजूला. त्याने होज मांडीला दाबून पुढे रेटायचा, उचलायचा नाही.

कपलिंग जोडल्यावर टक् आवाज ऐकला तरी एकदा जोरात ओढून पाहा. अर्धवट बसलेली लग, म्हणजे कपलिंगचा अडकणारा दात, पाणी येईपर्यंत काही सांगत नाही.

पाणी सोडताना व्हॉल्व्ह आधी अर्धा-एक फेरा. होजमधली हवा फुसफुसत निघून जाईल आणि होज गोल होईल. मग तिथेच थांबा. मेन पंपाचा आवाज येऊ द्या, गेजचा काटा खाली जाऊन परत वर चढून स्थिर होऊ द्या. त्यानंतर ब्रांचवाल्याच्या खुणेवर हळूहळू उघडा, आणि त्याने हात आडवा केला की थांबा. जोर किती हवा हे त्याने ठरवायचं, व्हॉल्व्हवाल्याने नाही.

इथे एक मर्यादा लक्षात ठेवा. व्हॉल्व्ह अर्धवट उघडून दाब कमी होतो तो फक्त पाणी वाहत असताना. उद्या कळ असलेलं नोझल घेतलंत आणि ते बंद केलंत, तर काही क्षणांत होजमध्ये पूर्ण दाब भरतो. परत उघडताना पहिला झटका त्या पूर्ण दाबाचा असतो. म्हणून कळ हळूच उघडायची आणि हळूच मिटायची. झटक्यात मिटली तर पाण्याचा हिसका होज आणि पाइपलाइनला बसतो.

सराव संपल्यावर पंपरूममध्ये एक माणूस पाठवा. मेन पंप आपोआप सुरू होतो, पण बहुधा हातानेच बंद करावा लागतो. तो बंद लाइनवर फिरत राहिला तर तापतो. बंद करून पॅनेलचा स्विच पुन्हा ऑटोवर आहे ना, हे त्याच माणसाने पाहून यायचं.