क्लायंटला मेसेज लिहिताना उद्गारचिन्हं, इमोजी आणि पोरांची भाषा कमी कशी करावी, तरी आपलेपणा कसा टिकवावा?

प्रश्न: मी लातूरला पाऊच आणि लेबलची डिझाईनं करतो. एका डाळ मिलच्या शेठजींनी फोनवर सांगितलं, "जरा नीट लिहीत जा." म्हणून सगळी उद्गारचिन्हं आणि इमोजी काढून बघितली, तर मेसेज रागात लिहिल्यासारखा वाटायला लागला. पोरकटही वाटू नये आणि तुसडाही वाटू नये, असं कसं लिहू? माझा कालचा मेसेज हा:

"गुड मॉर्निंग शेठजी!!! ☀️ पाऊच एकदम जाळ झालाय 🔥🔥😍 बघाच तुम्ही!! फक्त लायसन्स नंबर टाकायचाय, तेवढा पाठवा ना प्लीज लवकर 🙏🙏🙏 आज ओके केलं की सिलिंडरला टाकतो, मग विषय कट!!! 😎💯"

उत्तर:

मी संभाजीनगरला वाळूजमध्ये पॅकेजिंग छपाईच्या कामात आहे. डिझाईनवाले आणि मिलवाले यांच्यातले असे मेसेज पुढे ढकलले जाऊन शेवटी आमच्यापर्यंत येतात, त्यामुळे तुमची अडचण मला चांगली कळते. तुमचा मेसेज वाईट मनाने लिहिलेला नाही, उलट त्यात उत्साह आहे. पण तुम्ही ज्या क्रमाने तो दुरुस्त करायला गेलात तो क्रम उलटा झाला. चिन्हं आधी काढली की खाली उरतात ते फक्त हुकूम: "बघा. नंबर पाठवा. लवकर." म्हणून तो रागीट वाटला.

आधी प्रत्येक चिन्ह तिथे काय काम करतंय ते बघा. ते काम शब्दांत लिहा आणि मगच चिन्ह पुसा.

तुमच्याच मेसेजवर करून बघू. पहिली तीन उद्गारचिन्हं आणि सूर्य हा मान देण्याचा प्रयत्न आहे. ते काम "नमस्कार शेठजी" एवढ्यात होतं. 🔥🔥😍 म्हणजे तुम्हाला तुमचं काम आवडलंय. शेठजींना मात्र त्यांच्या पाऊचमध्ये चांगलं काय झालं हे कळायला हवं. त्यांनी मागे सांगितलं असेल की मिलचं नाव दुकानात लांबून दिसत नाही, तर ते मोठं केलंय हे सांगा. तुम्ही त्यांचं बोलणं लक्षात ठेवलंत हे त्या एका वाक्यातून त्यांना कळतं आणि आपलेपणा तिथूनच येतो.

तीन वेळा हात जोडलेत ते संकोचामुळे. घाई करायला सांगताना आपल्याला अवघड वाटतं, म्हणून आपण 🙏 वाढवत जातो. त्याऐवजी घाई कशासाठी आहे ते सांगा आणि त्यांचं काम सोपं करून द्या. एफएसएसएआयचा लायसन्स नंबर १४ आकडी असतो. मोबाईलवर तो टाईप करायचं म्हटलं की माणूस "नंतर बघू" म्हणून ठेवून देतो, आणि टाईप केलाच तर एखादा आकडा चुकायची भीती. "लायसन्सचा फोटो पाठवलात तरी चालेल" हे वाक्य तीन 🙏 पेक्षा जास्त नम्र आहे, आणि नंबरही लवकर मिळतो.

आता "विषय कट!!! 😎💯". तुमच्या मेसेजमधली सगळ्यात महागडी गोष्ट इथे दडली आहे. पाऊच ग्रॅव्हर पद्धतीने छापताना प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर, म्हणजे छपाईचा रोलर, कोरावा लागतो. एकदा कोरला की एक अक्षर बदलायचं म्हटलं तरी निदान त्या रंगाचा सिलिंडर पुन्हा करावा लागतो. शेठजींच्या खिशाला लागणारी ही बाब. ती तुम्ही गॉगलवाल्या चेहऱ्याखाली झाकून टाकलीत. पुढे पत्त्यात चूक निघाली तर "तुम्हीच ओके म्हणाला होतात" असं म्हणायची वेळ येईल, आणि ते म्हणतील, "तू नीट सांगितलंच कुठं?" त्यांना खटकलं ते बहुतेक हेच असावं. इमोजीपेक्षा, व्यवहाराची गोष्ट खेळात सांगितल्यासारखी वाटते हे मोठ्या माणसांना जास्त टोचतं.

हाच मेसेज मी असा लिहीन:

"नमस्कार शेठजी,

१ किलो तूरडाळीच्या पाऊचचं डिझाईन सोबत पाठवतोय. मिलचं नाव तुम्ही म्हणाला होतात तसं मोठं केलंय, आता दुकानात लांबूनही वाचता येईल.

तुमच्याकडून फक्त एफएसएसएआय लायसन्सचा नंबर हवा आहे. लायसन्सचा फोटो पाठवलात तरी चालेल, मी त्यावरून टाकून घेतो. आज संध्याकाळी ५ पर्यंत मिळाला तर पूर्ण झालेलं डिझाईन रात्रीच तुम्हाला दाखवतो.

तुम्ही 'फायनल' म्हणालात की उद्या सिलिंडरला देतो. सिलिंडर झाल्यावर बदल केला तर त्याचा खर्च वेगळा लागतो. म्हणून वजन, पत्ता आणि कस्टमर केअरचा नंबर एकदा मुनीमजींनाही दाखवून घ्याल का?

काही विचारायचं असेल तर फोन करा, मी दुपारी मोकळाच आहे."

यात एकही इमोजी नाही, एकही उद्गारचिन्ह नाही. तरी तो तुसडा वाटत नाही, कारण "तुम्ही म्हणाला होतात तसं", "तरी चालेल", "घ्याल का" आणि "मोकळाच आहे" हे चार तुकडे त्यात आहेत. मराठीत नरमाई क्रियापदात असते. "पाठवा" म्हटलं की मागणी होते, "पाठवाल का" किंवा "पाठवलात तर" म्हटलं की विनंती. मात्र हे प्रत्येक वाक्याला करू नका, नाहीतर गयावया केल्यासारखं दिसतं. एका मेसेजमध्ये जी गोष्ट त्यांनी करायची आहे तिथेच ते वापरा. मेसेज आधीपेक्षा लांब झालाय, त्याची काळजी नको. मध्ये रिकामी ओळ सोडली की मोबाईलवर तो सहज वाचता येतो.

छोट्या उत्तरांकडेही बघा. "ओके." किंवा "ठीक." असा एकच शब्द आणि पुढे पूर्णविराम, हे मराठीत दार आपटल्यासारखं वाटतं. म्हणून तर आपला हात 👍😊 कडे जातो. त्यापेक्षा पुढे काय करणार ते जोडा: "मिळाला शेठजी, आजच टाकून घेतो." तेवढं पुरतं.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. "सदर डिझाईन आपणांस मंजुरीस्तव सादर करण्यात येत आहे" असं लिहिलंत तर कालपर्यंत हसून बोलणारा पोरगा एकदम तहसील कचेरीतून बोलतोय असं त्यांना वाटेल. फोनवर तुम्ही त्यांच्याशी "तुम्ही" म्हणून बोलता ना, मग मेसेजमध्ये "आपण" कशाला? शेठजी, काका, अण्णा, साहेब, जे फोनवर म्हणता तेच लिहा. भाऊ म्हणायची सवय असेल तर भाऊ लिहा, पण "भावा" नको.

आपल्या भागाची बोली आणि पोरांची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "लई चांगलं झालं", "करून देतो की", "बरं का" हे शेठजी स्वतः बोलतात. ते मेसेजमध्ये आलं तर त्यांना घरचं वाटतं, ते काढू नका. "जाळ", "विषय कट", "कडक" ही तुमच्या कट्ट्याची भाषा. ती कळायला त्या कट्ट्यावर बसावं लागतं. मी एवढंच बघतो की हा शब्द शेठजी माझ्याशी बोलताना वापरतील का. नसतील वापरत, तर मीही लिहीत नाही. आणि मेसेज पुढे मुनीमजींकडे, मुलाकडे, आमच्यासारख्या छपाईवाल्याकडे जाणार आहे हेही डोक्यात असू द्या. त्यांना तुमचा स्वभाव माहीत नसतो, फक्त लिहिलेलं दिसतं.

इमोजी कायमचे बंद करायची गरज नाही. पाडव्याच्या, दिवाळीच्या शुभेच्छांना खुशाल टाका. शेठजींनी नवी मशीन घेतली तर "अभिनंदन शेठजी!" यातलं उद्गारचिन्ह हक्काचं आहे, कारण समोर असता तर तिथे तुमचा आवाज खरंच चढला असता. शेवटी एखादा 🙏 कुणालाच खटकत नाही. फक्त पैसे, तारीख आणि चूक, या तीन गोष्टींच्या शेजारी चिन्ह ठेवू नका. "बिलाची आठवण 😊" यातलं हसू समोरच्याला टोमण्यासारखं लागतं. "शेठजी, मागच्या महिन्याच्या बिलाचं तेवढं बघाल का? सिलिंडरवाल्यांना शुक्रवारी द्यायचे आहेत" हे सरळ आहे आणि कुणाला लागत नाही. माल उशिरा येणार असेल तर 😔 ने काही भरून निघत नाही, नवी तारीख लिहा.

आणखी एक, हे तुमच्या धंद्यात फार महत्त्वाचं. शेठजींनी डिझाईनवर नुसता 👍 पाठवला तर त्याला मंजुरी धरू नका. काही जण "बघितलं" म्हणून अंगठा टाकतात, काही जण "चालू करा" म्हणून. लगेच विचारा: "शेठजी, हे फायनल समजून उद्या सिलिंडरला देऊ का?" आणि "हो" असं लिहून आलं की मगच फाईल पुढे पाठवा. तुमच्या मेसेजमध्ये इमोजी कमी झाले की त्यांचं उत्तरही हळूहळू शब्दांत यायला लागतं, हे मी पुष्कळ वेळा बघितलंय.

सवय मोडेपर्यंत नेहमीसारखं भरभरून लिहा, पाठवायच्या आधी थांबा आणि वर केलं तसं एकेक चिन्ह तपासा. चुकून गेलाच, तर व्हॉट्सॲपवर १५ मिनिटांच्या आत मेसेज बदलता येतो. फक्त तो बदललाय हे त्यांना दिसतं, म्हणून तारीख किंवा रक्कम गुपचूप बदलू नका, ती दुरुस्ती वेगळा मेसेज टाकून सांगा.

शेठजींनी टोकलं म्हणून आता माफीचा लांबलचक मेसेज पाठवू नका. लायसन्सचा नंबर अजून यायचाच असेल, तर वरचा मेसेज तुमच्या कामाप्रमाणे बदला आणि उद्या सकाळी मिल चालू व्हायच्या वेळेला पाठवा.