उद्याच हवाय ब्लाउज? मग आधी दर सांग

अगं, अर्जंटचे पैसे कापड हातात घेण्याआधीच सांगायचे, डिलिव्हरीला नाही. समज, अस्तराच्या ब्लाउजची शिलाई सहाशे आणि कारागिराला रात्री थांबवायचे दोनशे. पावतीवर दोन्ही वेगवेगळे लिही. ‘तासाभराचं तर काम, दोनशे कसले?’ असं बाई म्हणणारच. वाद घालू नकोस. म्हणावं, ‘ताई, शिलाई तीच आहे. आज रांगेतले ब्लाउज मागे न ठेवता तुमचा करायचा तर कारागीर आठनंतर बसेल, त्याचे हे पैसे. शुक्रवारी चालत असेल तर सहाशेच.’ निम्म्या जणींना शुक्रवार चालतो! हातात काम नसेल तर मात्र अर्जंट लावू नकोस. आणि वेळ चुकली, तर ते दोनशे न मागता परत दे.