बेन्झीनच्या कड्यावर सरळ साखळी कशी बसवायची?

बेन्झीन, १-क्लोरोप्रोपेन आणि AlCl₃ घेतले, तर प्रोपिलबेन्झीनऐवजी क्युमीनच जास्त का मिळते?

क्लोरीन सुटू लागला की टोकाच्या कार्बनवर धनभार येतो. तो तिथे टिकत नाही. शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन आपली इलेक्ट्रॉनजोडी घेऊन टोकाकडे सरकतो आणि धनभार मधल्या कार्बनवर जातो. कडे तिथेच जोडले जाते. थंडीत सरळ साखळीचे प्रमाण थोडे वाढते, पण मिश्रण काही सुटत नाही. क्युमीन साधारण १५२ अंशांना उकळते आणि प्रोपिलबेन्झीन १५९ ला, त्यामुळे साध्या ऊर्ध्वपातनाने दोन्ही वेगळी करणे अवघडच. एनएमआरमध्ये मात्र क्युमीन लगेच ओळखू येते: सहा हायड्रोजनांचा दुहेरी संकेत १.२५ पीपीएमच्या आसपास दिसतो.

मग प्रोपॅनॉइल क्लोराइड वापरल्यावर हीच सरकासरकी का होत नाही?

कारण इथे धनभाराला सरकून काही मिळवायचे नसते. ॲसिलियम आयनात ऑक्सिजन आपली मोकळी जोडी कार्बनला देतो, त्यामुळे कार्बन आणि ऑक्सिजन दोघांचेही अष्टक पूर्ण होते: CH₃CH₂–C≡O⁺. हायड्रोजन सरकला असता तर ही सोय मोडली असती. म्हणून तीन कार्बनांची साखळी आहे तशीच कड्यावर बसते आणि प्रोपिओफिनोन मिळते. मग झिंक-पारा मिश्रण आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर उकळून C=O चे CH₂ केले, की प्रोपिलबेन्झीन तयार. एक पायरी वाढते खरी, पण मिश्रण निस्तरण्यापेक्षा ती परवडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

अल्किलेशनमध्ये एकाच कड्यावर दोन-तीन गट का चढतात? इथे एकावरच का थांबते?

अल्किल गट कड्याला इलेक्ट्रॉन पुरवतो, म्हणून तयार झालेला पदार्थ मूळ बेन्झीनपेक्षा अधिक वेगाने क्रिया करतो. बेन्झीन भरपूर जास्त घेतले तरच हे थोडे आटोक्यात येते. कार्बोनिल गट उलट कड्यातले इलेक्ट्रॉन ओढतो. शिवाय कीटोनचा ऑक्सिजन AlCl₃ ला घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे कडे आणखी मंदावते.

आमच्या प्रॅक्टिकलला AlCl₃ चिमूटभरच घातले आणि क्रिया अर्ध्यावर थांबली. चूक कुठे झाली?

त्या धरून ठेवण्यातच. प्रत्येक कीटोन रेणू एक AlCl₃ अडकवतो, म्हणून ते उत्प्रेरकाच्या मात्रेत पुरत नाही. ०.१ मोल, म्हणजे ९.२५ ग्रॅम, प्रोपॅनॉइल क्लोराइडला ०.११ मोल, म्हणजे सुमारे १४.७ ग्रॅम, कोरडे AlCl₃ लागते. ॲनहायड्राइड वापरले तर दुपटीहून जास्त. शेवटी सगळे बर्फ आणि हायड्रोक्लोरिक आम्लावर हळूहळू ओतले की कीटोन मोकळे होते.

हा मार्ग कधी फसतो?

पिव्हॅलॉइल क्लोराइड घेतल्यावर. त्याचा आयन कार्बन मोनॉक्साइड सोडून स्थिर तृतीयक कार्बोकॅटायन होतो, आणि कड्यावर टर्ट-ब्युटिल गट दिसू लागतो. नायट्रोबेन्झीनवर तर मुळात क्रियाच होत नाही.